दीडशे पाकिटं आधी, दाराची पाटी नंतर

*माझं अक्षर शाळेपासून छापल्यासारखं आहे असं सगळे म्हणतात. शिक्षिका होते तेव्हा दहा वर्षं प्रमाणपत्रांवरची नावं मीच लिहायचे. आता घोडबंदर रोडला घरीच असते. सोसायटीतल्या एका मावशींच्या मुलाचं लग्न मार्गशीर्षात आहे, त्यांना दीडशे पाकिटांवर मराठीत नावं लिहून हवी आहेत. पाकिटं गडद मरून, अक्षरं सोनेरी. शिवाय वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णींना दारावर लाकडी पाटी हवी आहे, फक्त आडनावाची. कॅलिग्राफी मी कधी शिकलेले नाही. दोन्ही कामं घेऊ का? पेन कोणतं घेऊ आणि पैसे किती सांगू? पुढे भेटवस्तूही करायचा विचार आहे.*

पाकिटांना आजच हो म्हणा. कुलकर्णींना मात्र सांगा, पाऊस संपल्यावर देते. एक तर सध्या श्रावण चालू आहे आणि या हवेत लाकडावरचं काम बिघडतं. दुसरं म्हणजे पाकिटांना जे लागतं ते तुमच्या हातात आहे, पाटीला जे लागतं ते अजून नाही. मी ठाण्यात चरईला तीस वर्षं हेच करतोय. सुरुवात दुकानांच्या पाट्या रंगवण्यापासून झाली. फ्लेक्स आल्यावर दुकानं गेली, घरांची दारं आणि लग्नाच्या पत्रिका तेवढ्या राहिल्या.

पाकिटाच्या कामात एखादं अक्षर किती देखणं आलं याला फार अर्थ नसतो. पहिलं पाकीट आणि एकशे पन्नासावं पाकीट एकाच हातचं वाटायला हवं. दहा वर्षं प्रमाणपत्रं लिहिलेल्या बाईंकडे हे असतंच. म्हणून या लग्नासाठी चपट्या टोकाची कट निब किंवा टाक शिकायच्या भानगडीत पडू नका. निबेचा कोन हातात बसायला महिने जातात, आणि अर्धवट शिकलेली निब तुमचं मूळचं चांगलं अक्षरही बिघडवते. आपल्याच अक्षरात लिहा, फक्त थोडं मोठं करा. वहीत तुमचं अक्षर शिरोरेषेपासून पायापर्यंत साधारण चार मिलिमीटर असेल, पाकिटावर सात करा. त्या उंचीला ०.५ चं पेन केसासारखं बारीक दिसतं, म्हणून सोनेरी जेल पेन १.० चं घ्या. चार घ्या, आणि एकाच दुकानातून एकदम घ्या, कारण सोनेरी रंगाची छटा पेनागणिक बदलते. ठाण्यात मिळालं नाही तर मुंबईला अब्दुल रहमान स्ट्रीटवर एक चक्कर मारा.

पेन विकत घेण्याआधी मावशींकडून दोन खरी पाकिटं मागून घ्या. नमुन्याच्या दुसऱ्या कागदावर तपासून उपयोग नाही. मरून कागद दोन प्रकारचा येतो. एक साधा, बोट फिरवलं तर किंचित खरखरीत. दुसरा चकचकणारा, मोत्यासारखी झाक असलेला. या दुसऱ्यावर जेल पेन घसरतं, काना अर्ध्यात तुटतो आणि शाई बराच वेळ वर ओली राहते. पाकिटावर तीन नावं लिहा. पहिल्यावर अर्ध्या मिनिटाने बोट फिरवा, दुसऱ्यावर पाच मिनिटांनी, तिसऱ्यावर दुसऱ्या दिवशी. मग दोन पाकिटं एकमेकांवर घासा, कारण पिशवीत त्यांचं तेच होणार आहे. दुसऱ्या दिवशीही सोनं बोटाला लागत असेल तर त्या कागदावर जेल चालणार नाही, सोनेरी पेंट मार्कर लागेल. त्याचं टोक बोथट असतं, म्हणून अक्षर सातऐवजी नऊ मिलिमीटर धरावं लागेल.

आणखी एक परीक्षा लग्नघराची. पत्रिका देताना कोपऱ्यांना हळदीकुंकू लावतात आणि ते बोट बहुतेक वेळा ओलं असतं. ओल्या बोटाने नमुन्याचं एक नाव पुसून बघा. जेल पसरलं तर मावशींना आधीच सांगून ठेवा, आणि नाव चारही कडांपासून निदान दोन सेंटिमीटर आत ठेवा.

आता ओळीचा प्रश्न. पांढऱ्या पाकिटावर पेन्सिलीने रेघ मारून नंतर खोडता येते. मरून कागदावर खोडरबर फिरवलं की तिथे चकाकी येते आणि सोनंही उचललं जातं. मी शिंप्याचा पांढरा खडू वापरतो. त्याची कड ब्लेडने धारदार करून हलकी रेघ ओढायची, आणि शाई पूर्ण वाळल्यावर मऊ कोरड्या ब्रशने झटकायची. नमुन्याच्या पाकिटावर खडू निघतो की नाही हेही बघून घ्या. रेघ खालची नको, वरची हवी. इंग्रजी अक्षर ओळीवर उभं राहतं, आपलं अक्षर शिरोरेषेला लटकतं. पायाची रेघ आखून मराठी लिहिलं की शिरोरेषा वरखाली होते, आणि गडद कागदावरच्या सोन्यात ती लांबूनही दिसते. दर पाकिटावर मोजमाप करत बसू नये म्हणून पाकिटाच्या आकाराचा पुठ्ठा घ्या आणि शिरोरेषेच्या जागी त्यात दोन मिलिमीटरची लांब खाच कापा. पुठ्ठा ठेवला, खाचेतून खडू ओढला, झालं. दोन ओळींसाठी दोन खाचा. पहिल्या ओळीत श्री. व सौ. आणि नावं, दुसरीत आडनाव. जागा ठरवायला यादीतलं सगळ्यात लांब नाव आधी लिहून बघा. सहस्रबुद्धे बसले की लेले बसणारच.

शिरोरेषा पट्टी लावून मारू नका. पट्टीखाली शाई शिरते, आणि दुसरं कारण मी पैसे मोजून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका लग्नाची दोनशे पाकिटं मी घाईत केली. आधी सगळी अक्षरं लिहिली, मग एका दमात पट्टीने रेघा ओढल्या. भ आणि ध यांचं डोकं डावीकडे उघडं असतं हे त्या वेगात विसरायला झालं. भावे मंडळी मावे झाली आणि धारप झाले घारप. सतरा पाकिटं स्वखर्चाने नवी आणावी लागली. तेव्हापासून शब्द पुरा झाला की हातानेच रेघ देतो, आणि भ, ध, थ आले की हात उचलतो.

त्याहून मोठ्या चुका मात्र यादीतच असतात. यादी मोबाइलवर येईल आणि बहुतेक इंग्रजी अक्षरांत येईल. Mule म्हणजे मुळे, पण तुम्ही घाईत मुले लिहाल. Dange डांगे असतील किंवा दांगे. Bal हे बाळ की बल हे फक्त त्या घरालाच माहीत. नावांच्या ऱ्हस्वदीर्घाचं तर विचारू नका, सुनीती आणि सुनिती दोन्ही लिहिणाऱ्या बायका मला भेटल्यात आणि दोघीही आपापल्या जागी ठाम होत्या. म्हणून इंग्रजी यादीवरून थेट पाकिटावर कधी लिहू नका. आधी साध्या कागदावर सगळी नावं मराठीत उतरवा, शंका असलेल्यांसमोर खूण करा, आणि तो कागद मावशींसमोर ठेवून एकेक नाव वाचा. अर्धा तास लागतो. शेवटी त्यांची सही घ्या. ओळखीतल्या बाईंची सही घ्यायला संकोच वाटेल, तरी घ्या. नंतर कुणी रुसलं तर रुसवा तुमच्या नावावर जाणार नाही. याच बैठकीत उपाधीही ठरवून टाका. नवरा हयात नसलेल्या बाईंच्या नावामागे गं. भा. लिहायचं की श्रीमती, हा निर्णय घरच्यांचा. माझं मत विचारलं तर मी श्रीमती सुचवतो. एकाच घरातल्या कुणाला सौ. आणि कुणाला नुसतं नाव, असं होऊ देऊ नका.

लिहायला बसाल तेव्हा पहिली दहा पाकिटं घड्याळ लावून लिहा. खडूची रेघ, लिहिणं, वाळायला मांडणं, झटकणं, सगळं धरून. समजा पस्तीस मिनिटं लागली. मग दीडशेला पावणेनऊ तास होतात, चुका आणि पुनर्लेखन धरून दहा म्हणा. हे दहा तास पाच संध्याकाळींत वाटा, एका बैठकीत दोन तासांपेक्षा जास्त नको. दोन तासांनंतर हात थकतो, आणि तो थकल्याचं हाताच्या आधी अक्षराला कळतं. ते फुगायला लागतं आणि उजवीकडे कलतं. चाळिसावं पाकीट पहिल्याच्या शेजारी ठेवून बघा. फरक दिसला तर त्या दिवशी थांबा. व्याह्यांचं आणि घरातल्या मोठ्यांचं पाकीट पहिल्या दहात घेऊ नका, शेवटच्या दहातही नको. दुसऱ्या दिवशी हात तापल्यावर ती लिहा.

पावसात कागद ओल धरतो, त्यामुळे शाईही उशिरा वाळते. पाकिटं आदल्या रात्री कोरड्या कपाटात ठेवा आणि लिहिलेली पंख्याखाली एकेक पसरा. वाळली असं वाटून चळत लावली तर वरच्या पाकिटाच्या पाठीवर खालच्या नावाचा उलटा शिक्का उठतो. चळत लावायचीच झाली तर मध्ये बटर पेपर घाला, वर्तमानपत्र नको, त्याची शाई सुटते. आणि दीडशेच्या कामाला वीस पाकिटं जास्तीची मागून घ्या. आठदहा तुम्ही बिघडवाल, उरलेली मावशींना शेवटच्या क्षणी आठवणाऱ्या लोकांसाठी लागतील. ते लोक प्रत्येक लग्नात असतात.

पैशाचं गणित याच घड्याळातून निघतं. तुमच्या तासाची किंमत तुम्ही ठरवा, समजा अडीचशे रुपये. दहा तासांचे अडीच हजार, पेनं, खडू आणि पुठ्ठ्याचे पाचशे, एकूण तीन हजार. दीडशेने भागलं की पाकिटामागे वीस रुपये. हा आकडा सांगताना आवाज खाली नेऊ नका आणि त्याचं स्पष्टीकरणही देऊ नका. निम्मे आगाऊ घ्या. उशिरा आलेल्या नावांनाही तोच दर, फक्त ती एकदम द्या म्हणावं, रोज दोन-दोन नकोत. सोसायटीतलं काम म्हणून फुकट केलंत तर पुढची पाच लग्नंही फुकटच येतील. मावशींसाठी काही करावंसं वाटलं तर आहेराचं पाकीट छान लिहून द्या.

आता कुलकर्णी. आधी एक प्रयोग करा. तुमच्या नेहमीच्या अक्षरात हे नाव कागदावर लिहा, मोबाइलने फोटो काढा आणि बोटांनी पडदाभर मोठं करा. वहीत इतकं नेटकं वाटणारं नाव तारेसारखं वाकवलेलं दिसेल. रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची, अक्षरांमधल्या फटी कमीजास्त, ण चे दोन काने एकमेकांना समांतर नाहीत. लहान आकारात डोळा हे सगळं माफ करतो. पाटी दोन-तीन मीटरवरून, लिफ्टमधून बाहेर पडताना वाचली जाते आणि वर्षानुवर्षं तिथेच असते. पाटीवर नाव लिहून भागत नाही, अक्षर रेखाटावं लागतं. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत जी नावं केली ती आठवून बघा. ती हस्ताक्षरं नाहीत, एकेक नाव चित्रासारखं बांधलेलं आहे.

देवनागरीला भरीवपणा येतो तो चपट्या टोकामुळे. बोरू किंवा कट निब साधारण ४५ अंशांत धरली की उभा काना आणि आडवी शिरोरेषा सारख्याच जाडीची येते आणि वळणं आपोआप जाडबारीक होतात. पाटीएवढी निब विकत घ्यायची गरज नाही. दोन साध्या पेन्सिली शेजारी शेजारी रबरबँडने घट्ट बांधा. पेन्सिलीची जाडी सुमारे सात मिलिमीटर असते, म्हणजे दोन टोकांत सात मिलिमीटरचं अंतर आलं. ही तुमची सात मिलिमीटरची निब. दोन्ही टोकं कागदाला टेकवून, ती जोडणारी रेघ तिरपी, ४५ अंशांत ठेवून लिहायचं आणि हा कोन मध्ये फिरू द्यायचा नाही. अक्षराची बाह्यरेषाच कागदावर उमटते. कान्याची जाडी पाच मिलिमीटरच्या आसपास येईल. कान्यापेक्षा शिरोरेषा बारीक यायला लागली की समजा मनगट फिरलं. तीन आठवडे रोज अर्धा तास फक्त हे एकच नाव लिहा. त्यापुढे नीट शिकावंसं वाटलं तर नवी मुंबईत अच्युत पालव यांची सुलेखनाची शाळा आहे, पण एका पाटीसाठी तेवढ्याची गरज नाही.

नावाची अडचण नावातच आहे. कुलकर्णीमध्ये डावीकडे खाली उकार लोंबतो आणि उजवीकडे वर वेलांटी आणि रफार एकाच जागी गर्दी करतात. पाटी बारा इंच लांब आणि पाच इंच उंच धरू. सेंटिमीटरमध्ये साधारण तीस आणि साडेबारा. शिरोरेषेपासून पायापर्यंत पाच पेन्सिलजाड्या, म्हणजे ३५ मिलिमीटर. वर वेलांटी-रफाराला २० आणि खाली उकाराला २०. सगळे मिळून ७५, तेव्हा वरखाली अडीच-अडीच सेंटिमीटर मोकळे राहतात. नवखे लोक वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या टोकापर्यंत मोजून मध्य काढतात. इथे वरखाली सारखेच २० धरल्याने फरक पडत नाही, एरवी पडतो. पाटीचा मध्य ठरवताना डोळा मात्र शिरोरेषा आणि पाया यांच्यामधला पट्टाच बघतो, म्हणून मध्य त्या पट्ट्याचा काढा. या नावात वरचा उजवा कोपरा जड आहे, तेव्हा पट्टा तीन-चार मिलिमीटर खाली सरकवला तर पाटी डोक्यात भरल्यासारखी वाटणार नाही. रफार वेलांटीच्या पोटात कोंबू नका. वेलांटीचा डोलारा थोडा उंच आणि रुंद घ्या, रफार त्याच्या उजव्या खांद्यावर सुटा बसू द्या. दोघांमध्ये निदान एका रेघेएवढी फट हवी, कारण रंग भरताना ती आणखी अरुंद होते.

फटींचंही असंच. कु, ल, क यांच्यामध्ये पट्टीने सारखं अंतर ठेवलंत तर ते सारखं दिसत नाही. क चा उजवा फाटा बाहेर झुकतो आणि त्याच्याखाली पोकळी राहते, तर ण चे काने सरळ भिंतीसारखे उभे. क आणि र्णी जवळ घ्यावे लागतात. कागद उलटा धरून बघा, म्हणजे नाव वाचलं जात नाही आणि फटी दिसतात. ल मात्र आपला पाकळीचा काढा. मोबाइलवर बऱ्याचदा हिंदी वळणाचा ल दिसतो आणि लोक तोच गिरवतात. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची वळणं धरली आहेत. ठाण्यातल्या कुलकर्णींच्या दारावर हिंदी ल बरा दिसत नाही, हे आपलं माझं मत.

लाकूड सुताराकडून सागवानाचा तुकडा घ्या. एमडीएफ स्वस्त पडतं, पण त्याच्या कडा पाणी पितात आणि फुगतात. बारीक पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासा, मग सीलरचा एक हात पुढे, मागे आणि चारही कडांना द्या. मागची बाजू कोरी ठेवली तर ती एकटीच ओल पिते आणि फळी वाकते. पुढच्या बाजूला सीलर नसेल तर रंग लाकडाच्या रेषांतून पळतो आणि अक्षराच्या कडेला मिशा फुटतात. मग कागदावरचं नाव ट्रेसिंग पेपरवर घ्या, मागून खडू चोळा आणि फळीवर ठेवून गिरवा. कार्बन पेपर नको, तो मेणकट असतो, रंग त्यावर धरत नाही. भरायला अॅक्रिलिक रंग वापरा आणि एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात द्या. आधी कड बारीक ब्रशने ओढायची, मग आतलं भरायचं.

माझी दारासाठीची पहिली पाटी पोस्टर कलरची होती. दिसायला झकास. महिन्याभरात मालकांचा फोन आला, नाव धुऊन गेलं म्हणून. पाऊस दारापर्यंत येत नव्हता, पण सोसायटीची बाई पॅसेज पुसताना ओल्या फडक्याने दारंही पुसायची. पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्यात विरघळतो. अॅक्रिलिक वाळला की पाण्याने निघत नाही. दुसरी पाटी मी पर्मनंट मार्करने केली आणि वर स्प्रेचं वॉर्निश मारलं, तर डोळ्यांदेखत अक्षरं जांभळी होऊन पसरली. मार्करची शाई आणि ते वॉर्निश एकाच जातीच्या द्रवात विरघळत होतं. म्हणून वरचा थर देण्याआधी लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर तोच रंग आणि तेच वॉर्निश लावून एक रात्र ठेवा.

पाऊस संपू द्या म्हणालो ते याच शेवटच्या पायरीसाठी. दमट हवेत लाखेचं पॉलिश किंवा लॅकर वाळताना पांढुरकं पडतं, काचेवर वाफ धरावी तसं, आणि आतलं नाव धूसर होतं. कोरड्या दिवशी, दुपारी, रंग पुरा एक दिवस वाळल्यावर दोन पातळ हात द्या. पाटीला एकूण पाचसहा तास आणि सामानाचे सहाशे-सातशे जातील. तासाचा तुमचा दर तोच धरला तर दोन हजारांच्या थोडं पुढे-मागे सांगा, आणि कागदावरचं पूर्ण आकाराचं नाव त्यांच्या दारावर चिकटवून दाखवल्याशिवाय लाकडाला हात लावू नका. एक बदल फुकट, दुसऱ्याचे पैसे.

भेटवस्तूंचं थोडक्यात. कॉफीच्या मगांवर आणि बाटल्यांवर मार्करने नावं लिहून विकू नका, चार वेळा घासल्यावर ती जातात आणि तक्रार तुमच्याकडे येते. बारशाचं किंवा मुंजीचं नाव कागदावर लिहून काचेच्या चौकटीत देणं तुमच्या हाताला जमेल. त्यासाठी फाउंटन पेनची शाई नको, ती बहुधा उन्हात उडते. कोणतीही शाई घेतलीत तरी तिने एक पट्टी लिहा, अर्धी काळ्या कागदाने झाका आणि खिडकीच्या काचेला आतून महिनाभर चिकटवून ठेवा. झाकलेला आणि उघडा भाग सारखाच काळा राहिला तरच ती शाई विकायच्या कामाला घ्या.

आणि कुलकर्णींची पाटी डबल टेपने लावू देऊ नका. पहिल्याच पावसाळ्यात ती खाली येते आणि कोपऱ्यावर आपटते. भिंतीवर असेल तर दोन प्लग आणि दोन स्क्रू, दारावर असेल तर नुसते स्क्रू. स्क्रूची भोकं रंग देण्याआधीच पाडून घ्या, म्हणजे त्यांच्या आतही सीलर जाईल.